योनिस्रावाची तपासणी: वेट माउंट आणि न्यूजंट स्कोअर पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

‘अंगावरून पांढरे जाते, खाज येते, वास येतो’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असते: बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणजे बीव्ही, ट्रायकोमोनास किंवा कॅन्डिडा. तिघांचे उपचार वेगवेगळे आहेत आणि केवळ स्राव पाहून केलेला अंदाज अनेकदा चुकतो. सूक्ष्मदर्शक, दोन-तीन स्लाइड आणि अर्धा-पाऊण तास एवढ्यावर लॅब या तिघांबद्दल बरेच काही सांगू शकते, पण काम योग्य क्रमाने झाले तरच. हा लेख डीएमएलटीचे विद्यार्थी, नवे तंत्रज्ञ आणि मायक्रोबायोलॉजीत नुकतेच रुजू झालेले निवासी डॉक्टर यांच्यासाठी आहे. पुस्तकात स्कोअरचा तक्ता मिळतो, परंतु तो तक्ता हातात घेऊन प्रत्यक्ष स्लाइडसमोर बसल्यावर कुठे अडते, हे तिथे फारसे लिहिलेले नसते, म्हणून ते येथे सविस्तर मांडले आहे.

क्रमाचे सूत्र असे लक्षात ठेवा: जे लवकर मरते ते आधी पाहायचे आणि जे टिकते ते नंतर शांतपणे मोजायचे. ट्रायकोमोनास हालचालीवरून ओळखला जातो आणि ती हालचाल काही मिनिटांतच मंदावते. ग्रॅम स्मिअर मात्र वाळवून स्थिर केला की दुसऱ्या दिवशीही तितकाच वाचनीय असतो.

## १. टेबलावर काय तयार हवे

नमुना येण्यापूर्वी पुढील वस्तू मांडून ठेवा, कारण नमुना हातात आल्यावर सलाईन शोधण्यात गेलेली पाच मिनिटे ट्रायकोमोनासच्या खात्यातून वजा होतात.

- निर्जंतुक कापसाचे किंवा डॅक्रॉनचे दोन स्वॅब
- स्वच्छ स्लाइड, कव्हरस्लिप आणि काचेवर लिहिणारी पेन्सिल
- नॉर्मल सलाईन, म्हणजे ०.९ टक्के, खोलीच्या तापमानाचे किंवा किंचित कोमट
- १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे केओएच
- ४ ते ७ या टप्प्यात बारीक फरक दाखवणाऱ्या पीएच पट्ट्या
- ग्रॅम स्टेनचा संच आणि ताजे तयार केलेले कंट्रोल स्मिअर
- १०, ४० आणि १०० च्या लेन्स असलेला सूक्ष्मदर्शक आणि इमर्शन ऑइल

सलाईनची बाटली कधी उघडली याची तारीख तिच्यावर लिहा. जुन्या, उघड्या बाटलीत जंतू वाढतात आणि मग वेट माउंटमध्ये दिसणारे हलते जीव नमुन्यातले की बाटलीतले, हे सांगता येत नाही. शंका आली तर नुसत्या सलाईनचा एक थेंब कव्हरस्लिपखाली पाहा, लगेच उलगडा होतो.

विनंती-अर्जावर वय, पाळीची शेवटची तारीख, गरोदरपण, रजोनिवृत्ती आणि गेल्या दोन आठवड्यांत घेतलेली औषधे या गोष्टी असाव्यात. त्या नसतील तर वॉर्डला किंवा ओपीडीला फोन करून विचारा. यांतील वय आणि औषधे या दोन गोष्टींवर पुढे अहवालाचा अर्थ पूर्ण बदलू शकतो.

## २. नमुना कुठून आणि कसा घ्यायचा

नमुना योनीच्या बाजूच्या भिंतीवरून किंवा मागच्या खोबणीतून घ्यायचा असतो, गर्भाशयमुखावरून नाही. गर्भाशयमुखाचा श्लेष्म अल्कधर्मी असतो, त्यामुळे पीएच खोटा वाढलेला दिसतो, आणि त्यात पसपेशी तर असतातच. स्पेक्युलम साध्या पाण्याने ओले करावे, जेली वापरू नये. पाळी चालू असताना, आदल्या दिवशी योनी आतून धुतली असल्यास किंवा योनीत औषधाची गोळी ठेवली असल्यास शक्यतो तपासणी पुढे ढकलावी.

पीएच पट्टी थेट भिंतीला किंवा कोरड्या स्वॅबवरच्या स्रावाला लावा. येथे होणारी नेहमीची चूक म्हणजे स्वॅब आधी सलाईनमध्ये बुडवणे आणि नंतर त्याच स्वॅबवरून पीएच पाहणे. असा पीएच स्रावाचा राहत नाही, त्यात सलाईन मिसळलेले असते. रक्त आणि वीर्य दोन्ही पीएच वाढवतात, म्हणून पट्टीवर ५ दिसले तरी तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

पहिला स्वॅब वेट माउंटसाठी, दुसरा ग्रॅम स्मिअरसाठी. दुसरा स्वॅब स्लाइडवर हलकेच गोल फिरवत पसरवा, घासू नका. घासल्याने पेशी फाटतात, जीवाणूंचे थर एका बाजूला लोटले जातात आणि मोजणीसाठी हवा तो पातळ, एकसारखा थर मिळत नाही. स्मिअर हवेत वाळू द्या, नंतर ज्योतीवरून हलक्या हाताने किंवा मिथेनॉलने स्थिर करा आणि बाजूला ठेवा. त्याची घाई नाही.

## ३. वेट माउंट: दहा मिनिटांच्या आत

एकाच स्लाइडवर पेन्सिलीने दोन बाजू करा, किंवा नवख्या हातांसाठी अधिक चांगले म्हणजे दोन स्वतंत्र स्लाइड घ्या. एकीवर सलाईनचा आणि दुसरीवर केओएचचा थेंब. स्वॅब आधी सलाईनमध्ये आणि मग केओएचमध्ये फिरवायचा, हा क्रम उलटा होता कामा नये, कारण केओएचचा अंशही ट्रायकोमोनासला मारतो. सलाईनच्या स्लाइडवर कव्हरस्लिप तिरकी टेकवून अलगद सोडा, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. केओएच मिसळताच तिथे येणारा माशासारखा वास, म्हणजे व्हिफ टेस्ट, हाताने वारा घालून पाहा. स्लाइड नाकाजवळ नेऊ नका. तो वास बीव्हीत येतो, ट्रायकोमोनासमध्येही येऊ शकतो, आणि कॅन्डिडात सहसा येत नाही.

सलाईनची स्लाइड लगेच पाहा. नमुना घेतल्यापासून दहा मिनिटांत ती नजरेखालून गेली पाहिजे. नमुना ओपीडीतून लॅबपर्यंत येईस्तोवर तासभर लागत असेल, तर वेट माउंटची ट्रायकोमोनास पकडण्याची ताकद उरतच नाही, आणि ही गोष्ट तंत्रज्ञाच्या कौशल्याने भरून निघत नाही. अशा ठिकाणी सूक्ष्मदर्शक ओपीडीजवळ नेणे हाच खरा उपाय आहे. नमुना फ्रीजमध्ये ठेवणे तर सर्वांत वाईट, कारण थंडीने जीव निपचित पडतो.

प्रकाश कमी करा. नवा माणूस भरपूर उजेडात पाहतो आणि पारदर्शक जीव त्या उजेडात विरघळून जातात. कंडेन्सर थोडा खाली, आयरिस बराच बंद, आणि आधी १० च्या लेन्सखाली संपूर्ण कव्हरस्लिप ओळीने पाहून घ्या. काही हलताना दिसले की ४० ची लेन्स लावा.

## ४. ट्रायकोमोनास: हालचाल हाच पुरावा

ट्रायकोमोनास व्हजायनॅलिस हा पसपेशीएवढा किंवा तिच्याहून थोडा मोठा, नासपतीच्या आकाराचा एकपेशीय जीव आहे. त्याची लांबी साधारण १० ते २० मायक्रॉन असते. पुढच्या टोकाला चार शेपट्या असतात आणि पाचवी मागे वळून पेशीच्या एका कडेला जोडलेली असते. त्या कडेला दिसणारी लहरती झालर अर्ध्या अंगापर्यंतच जाते. प्रकाश कमी असेल तर ४० च्या लेन्सखाली या झालरीची सळसळ स्पष्ट दिसते, आणि एकदा ती ओळखता आली की पुढे गोंधळ होत नाही.

हालचाल हिसक्यांची, अनियमित आणि स्वतःच्या जोरावर झालेली असते. द्रवाच्या ओघाबरोबर सगळ्या पेशी एकाच दिशेने वाहतात, तसे ट्रायकोमोनासचे होत नाही. तो ओघाविरुद्ध वळतो, जागेवर फिरतो, जवळच्या पसपेशीला ढकलतो. शंका असेल तर स्लाइड मिनिटभर स्थिर ठेवा, ओघ थांबू द्या आणि मग पाहा. खोली फार थंड असेल तर स्लाइड तळव्यावर काही सेकंद धरून कोमट करा, मंदावलेले जीव पुन्हा हलू लागतात.

मेलेला ट्रायकोमोनास गोल होतो आणि पसपेशीपासून वेगळा ओळखता येत नाही. म्हणून हालचाल दिसली नाही तर ट्रायकोमोनास लिहायचा नाही, ‘असावा’ असेही लिहायचे नाही. या निदानामागून जोडीदाराचाही उपचार येतो आणि घरात प्रश्न उभे राहतात, त्यामुळे अंदाजाने लिहिलेल्या एका शब्दाची किंमत त्या बाईला मोजावी लागू शकते. त्याच कारणासाठी असा अहवाल डॉक्टरांकडे किंवा स्वतः तिच्याकडेच द्यावा, सोबत आलेल्या नातेवाइकांच्या हाती नाही.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. काळजीपूर्वक केलेल्या वेट माउंटमध्येही खऱ्या रुग्णांपैकी साधारण अर्ध्या ते दोन-तृतीयांशच सापडतात. ‘दिसला नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही. पसपेशी एपिथेलियल पेशींपेक्षा जास्त आहेत, पीएच ४.५ च्या वर आहे आणि जीव मात्र दिसत नाहीत, असे चित्र असेल तर डायमंडच्या माध्यमात कल्चर किंवा न्यूक्लिक आम्ल चाचणी सुचवा. बीव्ही एकटा असेल तेव्हा पसपेशी सहसा मोजक्याच असतात, त्यामुळे पसपेशींची गर्दी हा दुसरे काहीतरी शोधण्याचा इशारा समजावा. गर्भाशयमुखाची सूज हीसुद्धा त्यातली एक शक्यता आहे.

## ५. केओएच स्लाइड: कॅन्डिडा

केओएच एपिथेलियल पेशी, पसपेशी आणि तांबड्या पेशी विरघळवतो, तर बुरशीची भिंत टिकून राहते. म्हणून कव्हरस्लिप ठेवल्यावर पाच मिनिटे थांबा. घाईने पाहिले तर पेशींचे अर्धवट विरघळलेले कडे बुरशीच्या धाग्यांसारखे भासतात.

शोधायचे काय, तर अंडाकृती यीस्ट पेशी, त्यांतल्या काहींना फुटलेली लहान कळी, आणि लांबट पेशी एकापुढे एक जोडून झालेले आभासी धागे. धाग्यांच्या सांध्याजवळ किंचित आवळलेली कंबर दिसते. स्वॅबमधला कापसाचा तंतू जाड आणि कडांना चमकदार असतो, त्याला कळ्या नसतात आणि त्याची रुंदी बदलत राहते. गोल तेलकट थेंब आणि तांबड्या पेशी सलाईनमध्ये यीस्टसारख्या वाटतात, पण तांबड्या पेशी केओएचमध्ये नाहीशा होतात आणि थेंबांना कळ्या येत नाहीत. कळी दिसल्याखेरीज सुट्या गोल आकृतीला यीस्ट म्हणू नका.

धागे दिसलेच पाहिजेत असा आग्रह मात्र धरू नका. कॅन्डिडा ग्लॅब्राटा धागे बनवत नाही, त्याच्या फक्त लहान पेशी असतात आणि त्या सहज नजरेतून सुटतात. कॅन्डिडात पीएच बहुधा नेहमीसारखा, म्हणजे ४.५ पर्यंतच असतो. दुसरीकडे, सुमारे १० ते २० टक्के स्त्रियांमध्ये कॅन्डिडा कोणत्याही तक्रारीशिवाय राहतो, म्हणून ‘यीस्ट पेशी आढळल्या’ एवढेच लिहायचे. हा आजार आहे की नुसते अस्तित्व, हे खाज, सूज आणि तपासणी पाहून डॉक्टर ठरवतील.

## ६. सलाईन स्लाइडवर परत: क्लू सेल

ट्रायकोमोनास पाहून झाल्यावर त्याच स्लाइडवर ४० च्या लेन्सखाली एपिथेलियल पेशींच्या कडा पाहा. क्लू सेलच्या पृष्ठभागावर बारीक दांडगोल जीवाणू इतके दाट चिकटलेले असतात की तिची कड धूसर आणि खरबरीत होते, जणू ओली पेशी वाळूत लोळवली आहे. निरोगी पेशीची कड चाकूने कापल्यासारखी स्पष्ट असते. पेशीच्या मध्यावर काही दाणे आहेत पण कड स्वच्छ आहे, तर ती क्लू सेल नाही. लॅक्टोबॅसिलसचे लांब दंड पेशीवर पडलेले असले तरीही ती क्लू सेल नाही. तिच्यावरचे दंड एकेक वेगळे मोजता येतात.

ॲम्सेलचे निकष १९८३ सालचे आहेत. त्यांत एपिथेलियल पेशींपैकी किमान २० टक्के क्लू सेल असाव्या लागतात, आणि पातळ एकसारखा स्राव, ४.५ च्या वर पीएच, व्हिफ टेस्ट आणि क्लू सेल या चारपैकी तीन गोष्टी जुळल्या तर बीव्ही मानतात. म्हणून ‘क्लू सेल दिसल्या’ असे न लिहिता तीस-चाळीस पेशी पाहून त्यांतल्या किती क्लू होत्या ते लिहा.

## ७. ग्रॅम स्टेन: स्कोअर येथेच बिघडतो

न्यूजंट स्कोअर वाचताना होणाऱ्या चुकांची मुळे बहुतेक वेळा रंगकामात असतात. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडिन एक मिनिट, नंतर रंग काढणे, शेवटी सॅफ्रानिन. रंग काढण्याचा टप्पा थोडा लांबला तर लॅक्टोबॅसिलसचे जांभळे दंड गुलाबी होतात आणि तेच बीव्हीचे जीवाणू म्हणून मोजले जातात. स्मिअर जिथे जाड आहे तिथे उलट होते, रंग निघतच नाही.

दोन गोष्टी हमखास पाहा. एक, त्याच दिवशी रंगवलेल्या कंट्रोलमध्ये स्टॅफिलोकॉकस जांभळा आणि ई. कोलाय गुलाबी आला आहे का. दोन, स्वतःच्या स्मिअरमधील एपिथेलियल पेशींची केंद्रके आणि पसपेशी गुलाबी आहेत का. त्या जांभळ्या असतील तर रंग पुरेसा निघालेला नाही आणि त्या भागात मोजणी करू नये. सगळी स्लाइडच अशी असेल तर स्मिअर परत मागवा, ओढून-ताणून स्कोअर देऊ नका.

## ८. काय मोजायचे

१९९१ साली न्यूजंट, क्रोन आणि हिलियर यांनी मांडलेल्या या पद्धतीत १०० च्या ऑइल लेन्सखाली तीन प्रकारच्या आकृती मोजतात. येथे जीवाणूंची जात ओळखली जात नाही, फक्त आकार आणि रंग पाहिला जातो.

पहिली आकृती लॅक्टोबॅसिलसची: मोठे, जांभळे, समांतर कडांचे दंड, कधी साखळीत. दुसरी गार्डनेरेला आणि बॅक्टेरॉइड्सची: अगदी लहान, कधी गुलाबी तर कधी जांभळट दिसणारे दांडगोल, जे बहुधा दाट पसरलेले असतात. तिसरी मोबिलंकसची: बारीक, वाकडे, अर्धचंद्रासारखे दंड.

| एका फील्डमधील सरासरी | लॅक्टोबॅसिलस | गार्डनेरेला/बॅक्टेरॉइड्स | मोबिलंकस |
|---|---|---|---|
| ० | ४ | ० | ० |
| १ पेक्षा कमी | ३ | १ | १ |
| १ ते ४ | २ | २ | १ |
| ५ ते ३० | १ | ३ | २ |
| ३० पेक्षा जास्त | ० | ४ | २ |

तिन्ही गुणांची बेरीज ० ते ३ आली तर सामान्य, ४ ते ६ मधली अवस्था, ७ ते १० आली तर बीव्ही.

या तक्त्यात नवख्यांचा गोंधळ पहिल्या स्तंभात होतो, कारण लॅक्टोबॅसिलसचे गुण उलटे आहेत: नसतील तर ४, भरपूर असतील तर ०. मोजणी करताना स्लाइडवर वेगवेगळ्या ठिकाणची किमान दहा फील्ड घ्या, जिथे एपिथेलियल पेशी आहेत आणि थर पातळ आहे. कोरी फील्ड आणि गुठळ्या सोडा. दर फील्डचे आकडे कागदावर लिहा, त्यांची सरासरी काढा आणि मग गुण द्या. दर फील्डला वेगळा गुण देऊन गुणांची सरासरी काढणे चुकीचे आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. फील्ड किती मोठे दिसते हे आयपीसवर अवलंबून असते. फील्ड क्रमांक १८ च्या आयपीसमधून १०० च्या लेन्सखाली ०.१८ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ दिसते, २२ च्या आयपीसमधून ०.२२ मिलिमीटरचे. दुसऱ्याचे क्षेत्रफळ जवळपास दीडपट आहे, म्हणून तीच स्लाइड एका सूक्ष्मदर्शकावर ‘१ ते ४’ तर दुसऱ्यावर ‘५ ते ३०’ मध्ये जाऊ शकते. एका लॅबने स्कोअरसाठी एकच सूक्ष्मदर्शक ठरवून घ्यावा, हे उत्तम.

## ९. एक स्लाइड सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, तिशीच्या आसपासची स्त्री आहे, गरोदर नाही, स्राव पातळ आणि वासाचा आहे. पीएच पट्टीवर ५ च्या वर. सलाईन स्लाइडवर पहिल्या काही मिनिटांतच १० च्या लेन्सखाली दोन ठिकाणी हिसके देणारे जीव दिसले आणि ४० खाली झालर स्पष्ट झाली. पसपेशी भरपूर. तीस एपिथेलियल पेशींपैकी नऊ क्लू सेल, म्हणजे ३० टक्के. केओएचवर यीस्ट नाही, वास आला.

आता ग्रॅम. दहा फील्डमध्ये लॅक्टोबॅसिलस अनुक्रमे ०, २, ०, १, ३, ०, ०, १, ०, ० असे आले. बेरीज ७, सरासरी ०.७, म्हणजे १ पेक्षा कमी, गुण ३. लहान दांडगोल दहाही फील्डमध्ये तीसपेक्षा जास्त, गुण ४. वाकडे दंड १, ०, ०, २, ०, ०, १, ०, ०, ०. सरासरी ०.४, गुण १. एकूण ८, बीव्ही.

नवा तंत्रज्ञ येथे एकच उत्तर निवडण्याच्या मोहात पडतो. ट्रायकोमोनास सापडला, मग स्कोअर कशाला, किंवा स्कोअर ८ आला, मग बाकी कशाला. दोन्ही एकत्र असणे वारंवार आढळते आणि दोन्ही लिहायचे असतात. या नमुन्यात पसपेशींची गर्दी ट्रायकोमोनासमुळे आहे, आणि ती नोंद नसती तर केवळ बीव्हीच्या अहवालाशी ते चित्र जुळले नसते.

## १०. ४ ते ६: मधल्या अवस्थेचे दोन अगदी वेगळे अर्थ

४ हा आकडा दोन निरनिराळ्या स्लाइडवर येऊ शकतो. पहिलीवर लॅक्टोबॅसिलस सरासरी १०, गुण १, लहान दांडगोल सरासरी १०, गुण ३, वाकडे दंड नाहीत. येथे दोन प्रकारचे जंतू खरोखरच मिश्र आहेत आणि स्कोअर खरे चित्र सांगतो.

दुसरी स्लाइड रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रीची. लॅक्टोबॅसिलस शून्य, म्हणून गुण ४, आणि बाकीही शून्य. बेरीज ४, म्हणजे तक्त्याप्रमाणे मधली अवस्था. प्रत्यक्षात त्या स्लाइडवर जीवाणूच जवळपास नाहीत, उलट लहान, गोल, मोठ्या केंद्रकाच्या पॅराबेसल पेशी दिसतात. इस्ट्रोजेन कमी झाल्याचे ते चित्र आहे, बीव्हीकडे वाटचाल नाही. मोठे प्रतिजैविक नुकतेच घेतलेल्या बाईच्या स्लाइडवरही असे होऊ शकते. अशा वेळी स्कोअरसोबत ‘जीवाणू अत्यल्प, स्कोअरचा अर्थ वय आणि औषधे पाहून लावावा’ हे वाक्य लिहिणे आवश्यक आहे.

तिसरी अडचण लॅक्टोबॅसिलस इनर्स या जातीची. ती आखूड असते आणि नीट जांभळी रंगत नाही, त्यामुळे गार्डनेरेलासारखी भासून स्कोअर वर नेते. लहान दांडगोल दाट आहेत पण कड धूसर झालेली एकही पेशी नाही, पीएचही फारसा वाढलेला नाही, असे दिसले तर दुसऱ्या वाचकाला स्लाइड दाखवा. न्यूजंट स्कोअरमध्ये क्लू सेलला गुण नाहीत, पण ४ ते ६ च्या स्लाइडवर त्या आहेत की नाहीत ही नोंद डॉक्टरांना सर्वाधिक उपयोगी पडते. काही लॅब तर मधल्या स्कोअरला क्लू सेल असल्यास बीव्हीशी सुसंगत असे कळवतात. तुमच्या लॅबचा नियम काय आहे ते लिखित स्वरूपात विचारून घ्या, स्वतः ठरवू नका.

## ११. अहवालात काय लिहायचे

आपल्याकडे सुरक्षा क्लिनिकमध्ये आणि अनेक ओपीडींमध्ये स्रावाच्या तक्रारीवर लक्षणांवरून उपचार दिला जातो, ज्यात एकाच संचातून बीव्ही, ट्रायकोमोनास आणि कॅन्डिडा झाकले जातात. तपासणीचा अहवाल त्यामुळे बहुतेक वेळा उपचार सुरू झाल्यावर, किंवा आजार परत आल्यावर वाचला जातो. वाचणाऱ्याला नमुना हाती नसतो, म्हणून त्याला नुसता ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द पुरत नाही. वरच्या उदाहरणाचा अहवाल असा असावा:

> वेट माउंट: हालचाल करणारे ट्रायकोमोनास आढळले. पसपेशी भरपूर. यीस्ट पेशी आढळल्या नाहीत. क्लू सेल ३० टक्के.
> ग्रॅम स्मिअर: न्यूजंट स्कोअर ८ (लॅक्टोबॅसिलस ३, गार्डनेरेला/बॅक्टेरॉइड्स ४, मोबिलंकस १). बॅक्टेरियल व्हजायनोसिसशी सुसंगत.

गुणांची फोड लिहिली की पुढच्या भेटीत तुलना करता येते. ग्रॅम स्मिअरवर यीस्ट दिसले, म्हणजे जीवाणूंच्या मानाने कितीतरी मोठे, गडद जांभळे, कळी असलेले अंडाकृती, तर तेही लिहा, केओएचवर सुटले असले तरी. ट्रायकोमोनास मात्र ग्रॅमवरून लिहू नका, तिथे तो फिकट गुलाबी डागापलीकडे दिसत नाही. वेट माउंट उशिरा पाहिला असेल तर ‘नमुना घेतल्यानंतर इतक्या मिनिटांनी पाहिला’ हे लिहिल्याशिवाय ‘आढळले नाही’ असे पाठवू नका.

वाचलेली स्लाइड तेल टिपून, नंबर घालून डब्यात ठेवा. ४ ते ६ स्कोअरच्या आणि ६-७ च्या सीमेवरच्या स्लाइड वेगळ्या कप्प्यात, म्हणजे दुसरा वाचक आठवड्यातून एकदा त्या स्कोअर न पाहता पुन्हा मोजू शकेल. दोघांचे गुण जिथे जुळत नाहीत तिथे बहुतेक वेळा वाद लहान दांडगोलांच्या संख्येवर असतो. तेव्हा दोघांनी एकाच फील्डवर बसून ती मोजावी आणि कोणते आकार कोणी कशात धरले ते स्लाइडच्या नंबरासमोर रजिस्टरमध्ये लिहून ठेवावे.